उशी, गोळी की डॉक्टरांना फोन? नर्सिंगच्या परीक्षेतले वेदनेचे प्रश्न

डिचोलीत माझ्या घरी रविवारी सकाळी सात मुली येतात. सगळ्या जीएनएम किंवा बीएससी झालेल्या, स्टाफ नर्सच्या परीक्षेला बसणाऱ्या. गेल्या महिन्यात त्यांना एक प्रश्न दिला. पोटाची शस्त्रक्रिया होऊन एक दिवस झालेला रुग्ण वेदना १० पैकी ७ सांगतो आहे, पण भेटायला आलेल्या भावाशी हसून बोलतोय. वेदनाशामक लिहून ठेवलेलं आहे आणि मागच्या डोसला सहा तास झालेत. नर्स काय करेल?

सातपैकी पाच जणींनी 'मन रमवणं चालू ठेवावं, औषधाची गरज नाही' यावर खूण केली. एक तर म्हणाली, "बाई, सात असतं तर हसला असता का तो?"

हसला असता. भाऊ आलाय म्हणून हसला असता, लाजेखातर हसला असता, आणि माणूस वेदना विसरायला बोलतोच. बरोबर उत्तर 'लिहून दिलेलं वेदनाशामक द्यावं' हे आहे. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सने १९६८ साली मांडलं की रुग्ण जी म्हणतो ती वेदना, आणि तो जेव्हा म्हणतो तेव्हा ती असते. परीक्षेतले निम्मे प्रश्न या एका वाक्यावर उभे असतात. उरलेले निम्मे कुठे फसवतात ते आता पायरीपायरीने बघू.

पहिली पायरी: बोलतंय कोण?

प्रश्न वाचताना आधी रुग्णाचं वय आणि त्याला बोलता येतं का हे बघा. स्केल तिथेच ठरतं. ज्याला स्वतःची वेदना सांगता येते त्याला विचारायचं, बघून अंदाज करायचा नाही. जाणत्या माणसाला ० ते १० आकडा, म्हणजे न्युमेरिक रेटिंग स्केल. साधारण तीन वर्षांपासून पुढच्या मुलाला वाँग-बेकरचे सहा चेहरे, ज्यांना ०, २, ४, ६, ८, १० असे गुण आहेत. आठेक वर्षांच्या मुलाला आकडाही कळतो.

चेहऱ्यांच्या स्केलमध्ये एक चूक वॉर्डात आणि पेपरात दोन्हीकडे होते. नर्स मुलाच्या तोंडाकडे बघते आणि त्याच्यासारखा दिसणारा चेहरा निवडते. हे चूक आहे. चेहरे मुलाला दाखवायचे, प्रत्येकाचा अर्थ सांगायचा आणि बोट त्याने ठेवायचं. रडत नसलेल्या मुलाने शेवटच्या रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं तर नोंद १० ची होते.

बोलता येत नाही तेव्हाच वागणुकीवरून मोजायचं. दोन महिने ते सात वर्षं या वयाला फ्लॅक: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. आता चार वर्षांचं मूल फ्लॅकमध्येही बसतं आणि चेहऱ्यांमध्येही, मग काय निवडायचं? ते बोलत असेल तर चेहरे. नुकतं भुलीतून बाहेर येतंय, किंवा बोलण्याच्या स्थितीत नाही, तर फ्लॅक. शस्त्रक्रिया झालेल्या नवजात बाळाला क्राईज. स्मृतिभ्रंश फार पुढे गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला पेनॅड. व्हेंटिलेटरवरच्या, बोलू न शकणाऱ्या प्रौढाला सीपॉट, ज्याचे गुण १० नाहीत तर ८ असतात. हा आठाचा आकडा पर्यायांत हमखास डोकावतो.

स्मृतिभ्रंश म्हटलं की लगेच पेनॅडवर उडी मारू नका. सुरुवातीच्या टप्प्यातली आजी 'दुखतं का' याचं उत्तर नीट देते. प्रश्नात 'बोलत नाही', 'विचारलेलं कळत नाही' असं काही लिहिलंय का ते शोधा.

दुसरी पायरी: आकड्याच्या आत बघा

आमच्याकडे वॉर्डात बोलणं बहुतेक कोकणीत चालतं. 'कितलें दुखता?' विचारलं की म्हातारी माणसं 'मात्शें' म्हणतात, म्हणजे थोडंसं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सत्तरीतले एक काका होते, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. सकाळ-संध्याकाळ 'मात्शें', मी केस पेपरवर २ लिहीत गेले. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्यांना उठवायचा प्रयत्न केला तेव्हा ते घामाने निथळले. त्यांना खोकायचीही भीती वाटत होती आणि छातीत कफ साठायला लागला होता. मी त्यांना पडल्या पडल्या विचारत होते, तेव्हा पडल्या पडल्या खरंच थोडंसंच दुखत असणार. दोष माझ्या प्रश्नाचा होता.

म्हणून दोनदा विचारायचं: पडून असताना किती, आणि कूस बदलताना किंवा खोकताना किती. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाचा निर्णय दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा.

त्याच काकांना मी मग शेवटी म्हटलं, रुपयातले किती आणे दुखतंय? लगेच म्हणाले, "खोकलों जाल्यार बारा आणे." दहाचं गणित त्यांना परकं होतं, आण्याचं नव्हतं. अर्थात पेपरात आण्याचा पर्याय येणार नाही. तिथे आकडा न जमणाऱ्या म्हाताऱ्या रुग्णासाठी 'नाही, थोडी, मध्यम, तीव्र' अशा शब्दांचं स्केल हे उत्तर असतं. मुद्दा तोच आहे. आणि एकदा निवडलेलं स्केल मध्येच बदलायचं नाही, नाहीतर सकाळची आणि रात्रीची नोंद ताडूनच बघता येत नाही.

आकड्यासोबत कुठे, कसं, कधीपासून, कशाने वाढतं हेही हवं. प्रश्नात 'रुग्ण पायात दुखतंय म्हणतो' एवढंच असेल, आकडा नाही, जागा नाही, तर पहिली कृती 'आणखी विचारपूस' असते. पण आकडा, जागा, वेळ सगळं दिलेलं असेल आणि तुम्ही पुन्हा 'वेदनेचं मूल्यमापन करावं' यावर खूण केली तर गुण जातो. मूल्यमापन झालेलं आहे, प्रश्न आता कृतीचा आहे.

तिसरी पायरी: शिडीची पायरी

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशामकांची शिडी मांडली ती कर्करोगाच्या वेदनेसाठी. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी औषधं. दुसरीवर कोडीन, ट्रामाडॉल ही सौम्य ओपिऑइड्स, सोबत पहिल्या पायरीचं औषध ठेवूनच. तिसरीवर मॉर्फिन, फेंटानिल. मज्जातंतूच्या जळजळत्या वेदनेला गाबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन अशी जोड कुठल्याही पायरीवर देता येते. आकड्यांशी ढोबळ सांगड अशी: १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र.

ही शिडी खालून एकेक पायरी चढायची असते हा सर्वात मोठा गैरसमज. रुग्ण पहिल्यांदाच ९ सांगत दाखल झाला तर त्याला आधी पॅरासिटामॉल, मग ट्रामाडॉल, मग मॉर्फिन अशी परीक्षा द्यायला लावायची नाही. तीव्र वेदनेला थेट तिसरी पायरी. शस्त्रक्रियेनंतर तर बहुतेक वेळा वरून सुरुवात होते आणि दिवस जातील तसं खाली उतरतो.

दुसरी गोष्ट, एकाच पायरीवर आडवं फिरायचं नाही. कोडीन पुरेसं पडलं नाही म्हणून ट्रामाडॉल देऊन बघणं निरर्थक आहे, कारण या औषधांना छत असतं. ट्रामाडॉलचं छत दिवसाला ४०० मिलिग्रॅम. तिथून पुढे परिणाम वाढत नाही, झटक्यांचा धोका वाढतो. म्हणून प्रश्नात 'रुग्णाला अपस्मार आहे' असं सहज टाकलेलं वाक्य दिसलं की ट्रामाडॉलचा पर्याय खोडा. मॉर्फिनला असं छत नाही. तिथे मर्यादा घालतात ते दुष्परिणाम.

२०१२ साली मुलांच्या मार्गदर्शक सूचनांतून मधली पायरी काढून टाकली गेली, कारण कोडीन शरीरात मॉर्फिनमध्ये बदलतं आणि हा बदल कोणाच्या शरीरात फार कमी तर कोणाच्यात धोकादायक वेगाने होतो. मुलाच्या प्रश्नात कोडीन दिसलं तर थबका.

नर्स स्वतःहून औषध लिहीत नाही, हे मुली विसरतात. 'मॉर्फिन सुरू करावं' हा पर्याय तेव्हाच बरोबर, जेव्हा प्रश्नात ते लिहून दिलेलं असतं. नाहीतर 'पुरेसा आराम पडत नाही हे डॉक्टरांना कळवावं' हे उत्तर.

औषध निवडताना आजाराकडेही नजर हवी. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूचे रुग्ण असतातच. ताप, डोळ्यांमागे ठणका, अंगदुखी ६, प्लेटलेट्स उतरलेल्या. आकड्याच्या जोरावर मुली आयबुप्रोफेनवर जातात. रक्तस्रावाचा धोका असल्याने ते नको, ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉलच, आणि तेही प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास असेल तर त्याहून बरंच कमी. मूत्रपिंड निकामी झालेल्यालाही आयबुप्रोफेनच्या गटातली औषधं टाळायची.

औषधाविना उपाय: एकटे कधी, जोडीला कधी, नकोत कधी

परीक्षेत हे उपाय दोन टोकांना फसवतात. एक तर औषधाच्या जागी देऊ करतात, नाहीतर इतके साधे दिसतात की विद्यार्थिनी त्यांना गंभीर उत्तर मानतच नाहीत.

वेदना १ ते ३ असेल, कारण माहीत असेल आणि रुग्ण तयार असेल तर एकटा उपाय पुरतो: कूस बदलणं, पायाखाली उशी, थंड शेक. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेताना स्तनपान, आईच्या छातीशी धरणं किंवा जिभेवर साखरपाण्याचे थेंब हेच पहिलं उत्तर. तिथे पॅरासिटामॉल शोधू नका. वेदना ४ च्या वर गेली की हे उपाय औषधाच्या सोबत चालतात, बदली नाही. पोटावर टाके असलेल्या रुग्णाला खोकण्याआधी उशी पोटाशी घट्ट धरायला शिकवायचं, पण त्याआधी अर्धा-पाऊण तास गोळी दिलेली असावी.

शेकाचा नियम साधा आहे. मुरगळल्यावर पहिले दोन दिवस थंड, एका वेळी १५ ते २० मिनिटं, कातडीवर कापड ठेवून. सूज ओसरल्यावर आणि स्नायू आखडलेले असताना गरम. संवेदना कमी असलेल्या मधुमेही पायाला दोन्ही नको, कारण भाजलं तरी त्याला कळत नाही.

दोन ठिकाणी मात्र घरगुती माया अंगाशी येते. उजव्या कुशीत खाली दुखतंय, ताप आहे, अपेंडिक्सचा संशय आहे, आणि पर्यायात गरम पाण्याची पिशवी. ती कधीच नाही, अपेंडिक्स फुटू शकतं. दुसरं, बाळंतीण किंवा ऑपरेशन झालेली बाई म्हणते की एकाच पोटरीत दुखतंय, सुजलंय. सासू खोबरेल तेलाची वाटी घेऊन चोळायला बसलेली. तिला आधी थांबवायचं. शिरेत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

एक केस, तीन प्रश्न

आता एकच रुग्ण संध्याकाळभर बघू. चौतीस वर्षांचा तरुण, वाळपईहून येताना ओल्या रस्त्यावर दुचाकी घसरली. नडगीचं हाड मोडलं, जखम उघडी नाही. सकाळी ११ वाजता मांडीपर्यंत प्लास्टर. लिहून दिलंय: पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, गरज पडल्यास ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅम, वेदना ७ च्या वर गेल्यास मॉर्फिन.

दुपारी ४ वाजता तो ३ सांगतो. बोटं उबदार, हलवतोय, नखावर दाबल्यावर रंग लगेच परत येतो. पहिला प्रश्न: आता काय? पाय उशीवर उचलून ठेवायचा, प्लास्टरवर गुंडाळलेली बर्फाची पिशवी, आणि वेळेची पॅरासिटामॉल ठरल्याप्रमाणे. ट्रामाडॉल अजून नाही.

रात्री ८ वाजता ६. पॅरासिटामॉल ६ वाजता दिलेली. बोटं अजून ठीक, थोडी सूज. दुसरा प्रश्न सोपा आहे: ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल चालूच, पाय तसाच उंच. तोंडाने दिलेल्या औषधाचा परिणाम साधारण तासाने बघायचा, शिरेतून दिलेल्याचा १५ ते ३० मिनिटांनी. म्हणजे ९ वाजता परत त्याच्यापाशी.

९ वाजता तो ९ सांगतो. "सिस्टर, पाय आतून फुटतोय." अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या जागेत बधिर वाटतंय. तुम्ही अंगठा हलकेच खाली वळवता तर तो किंचाळतो. पावलावरची नाडी लागते, बोटं गुलाबी आहेत. तिसरा प्रश्न, चार पर्याय: मॉर्फिन द्यावं, पाय आणखी उंच करून बर्फ वाढवावा, अर्ध्या तासाने पुन्हा तपासावं, डॉक्टरांना तातडीने बोलवावं.

माझ्या सातपैकी चौघींनी मॉर्फिन दिलं. शिडीच्या हिशेबाने ९ म्हणजे तिसरी पायरी, आणि औषध लिहूनही दिलेलं. एकीने बर्फ वाढवला. दोघी मात्र त्या अंगठ्यापाशी थांबल्या.

दुखापतीच्या मानाने फार जास्त वेदना, औषधानंतर उतरण्याऐवजी चढलेली, आणि बोट दुसऱ्याने हलवल्यावर असह्य. हा कंपार्टमेंट सिंड्रोम आहे. प्लास्टरच्या आत सूज वाढली, स्नायूंच्या बंद कप्प्यातला दाब चढला, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबल्या. बधिरपणा त्या दोन बोटांमध्येच आला, कारण पायाच्या पुढच्या कप्प्यातून जाणारी नस तिथली संवेदना पुरवते. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. नाडी जाणं ही फार उशिरा दिसणारी खूण आहे, तोवर स्नायू मेलेला असतो. साधारण सहा तासांनंतरचं नुकसान भरून येत नाही.

उत्तर: डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. ते येईपर्यंत चार वाजता ज्या गोष्टी बरोबर होत्या त्या उलट करायच्या. उशी काढून पाय हृदयाच्या पातळीला आणायचा, कारण त्याहून उंच ठेवला तर आधीच कमी पडलेलं रक्त आणखी कमी पोचतं. बर्फ काढायचा. प्लास्टर कापायचं यंत्र खाटेपाशी आणून ठेवायचं. डॉक्टर प्लास्टर आणि आतला कापूस दोन्ही कातडीपर्यंत उघडतील. शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून तोंडाने काही द्यायचं नाही.

"मग मॉर्फिन द्यायचंच नाही का, बाई? तडफडत ठेवायचं?" वेदनेने तळमळणाऱ्याला ठेवायचं नाहीच. वॉर्डात डॉक्टर वाटेत असताना, ही सगळी लक्षणं वेळेसह लिहून, त्यांच्या सांगण्यावरून मॉर्फिन दिलं जातंच. पण चारांपैकी एक निवडायचं तर मॉर्फिन नाही, कारण त्याने खूण झाकली जाईल आणि कारण तसंच राहील. अर्ध्या तासाने तपासणं म्हणजे सहा तासांतला अर्धा तास फुकट घालवणं.

असा प्रश्न ओळखायची खूण मी मुलींना देते: औषध दिल्यावर वेदना वाढली, जागा बदलली किंवा नवीन लक्षण सोबत आलं, तर शिडी बाजूला ठेवा. ऑपरेशन झालेलं पोट अचानक लाकडासारखं कडक होणं, पाठीच्या जुन्या दुखण्यात लघवी अडणं, हेही त्याच जातीचे प्रश्न.

दिल्यानंतरचं

धरून चला की त्या तरुणाचं ऑपरेशन झालं, रात्री शिरेतून मॉर्फिन मिळालं. वीस मिनिटांनी तुम्ही जाता तर तो झोपलाय. केस पेपरवर 'वेदना ०' लिहायचं का? नाही. झोप म्हणजे वेदना नाही असं नसतं. पण त्याहून आधी बघायचं ते श्वासाकडे आणि जाग येण्याकडे. मॉर्फिनमुळे श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते, म्हणून गुंगी ही आधीची घंटा. हाक मारल्यावर डोळे उघडून नीट उत्तर देतो तर ठीक. बोलता बोलता मध्येच पेंगतोय, तर पुढचा डोस थांबवून कळवायचं, आकडा काहीही सांगितला असला तरी. श्वास मिनिटाला १२ च्या खाली गेला तरी तेच. हाकेला ओ देत नाही आणि श्वास त्याहून मंद, तर हलवून जागं करायचं, ऑक्सिजन लावायचा, नॅलोक्सोन तयार ठेवून डॉक्टरांना बोलवायचं. नॅलोक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो. दहा मिनिटांत शुद्धीवर आला म्हणून खाट सोडून जायचं नाही, गुंगी परत येऊ शकते.

मॉर्फिनच्या दुष्परिणामांत मळमळ आणि गुंगी काही दिवसांत अंगवळणी पडते, बद्धकोष्ठ पडत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला नियमित मॉर्फिन सुरू करताना पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. त्या रुग्णाच्या प्रश्नात 'दुखेल तेव्हा मागून घ्या' हा पर्याय चुकीचा आणि 'घड्याळाप्रमाणे द्यावं, मध्येच उसळलेल्या वेदनेसाठी वेगळा डोस ठेवावा' हा बरोबर. आणि त्याची बायको दारात अडवून विचारते, "सिस्टर, यांना याची सवय नाही ना लागणार?" तेव्हा उत्तराच्या पर्यायांत 'काळजी करू नका' असं असेल तर ते सोडा. 'डोस वाढवावा लागणं आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत' असं समजावून सांगणारा पर्याय शोधा, तो बहुधा चारांत सर्वात लांब असतो.